‘बेलुम’ म्हणजे नाहीच?

इंडोनेशियात ‘तिदाक’ म्हणजे नाही, पण तोंडावर नकार देणं अवघड वाटलं की ‘बेलुम’, म्हणजे ‘अजून नाही’, हा शब्द मदतीला येतो. लग्न झालं का, या प्रश्नालाही अविवाहित माणूस ‘बेलुम’च म्हणतो.

समजा, पुण्याच्या खरेदीदाराने विचारलं, “१५ तारखेला माल निघेल ना?” जकार्ताहून उत्तर आलं, “प्रयत्न करतो.” तारीख नाही, पुढचा प्रश्नही नाही, इथेच सावध व्हावं. मात्र ‘प्रयत्न करतो’ कधीकधी खराही असतो.

‘ना?’ने होकारच मागितला होता. त्याऐवजी विचारावं, “१५, २२ की २९, कोणती तारीख सोयीची? त्याआधी काय व्हायचं राहिलंय?” शक्यतो हे एकट्याला फोनवर विचारावं; साहेबांसमोर अडचण सांगणं त्याला जड जातं.