दुपारी तीन वाजताचं झाकण

मे महिन्याचं वीजबिल हातात आलं की दुकानदाराचा पहिला संशय मशीनवर जातो. गॅस कमी झाला असणार, असं म्हणून तो मेकॅनिकला बोलावतो. पुष्कळदा गॅस पुरेसा असतो आणि मशीनही ठणठणीत असतं. जो डीप फ्रीजर जानेवारीत महिन्याला 45 युनिट घ्यायचा, त्याने मेमध्ये 75 घेतले तर त्यात बिघाड असेलच असं नाही.

हिशोब करून पाहू. 300 लिटरची आडवी पेटी, वर जाड झाकण, आत उणे 18 अंश. दुकानात 25 अंश असतील तर आतबाहेरचा फरक 43 अंशांचा. आता जळगावकडचं पत्र्याच्या छपराचं दुकान घ्या. मेमध्ये आत 40 अंश, म्हणजे फरक 58. पेटीच्या भिंतींतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाढते, सुमारे 35 टक्क्यांनी. इथपर्यंत 45 चे 60 झाले.

पण खोलीची उष्णता दोनदा पैसे घेते. आतून उपसलेली उष्णता कॉम्प्रेसरला त्याच तापलेल्या दुकानात फेकावी लागते. विहिरीतून पाणीही जास्त काढायचं आणि टाकीही वरच्या मजल्यावर चढवलेली, अशी मोटरची अवस्था होते. तेवढ्याच उष्णतेला जवळपास चौथ्या हिश्श्याने जास्त वीज लागते, आणि 60 चे 75 होतात.

इथे खोलीचं तापमान म्हणजे भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा नव्हे, पेटीच्या अंगाला लागणारी हवा. बऱ्याच डीप फ्रीजरची गरम नळी बाजूच्या पत्र्याच्या आतूनच फिरवलेली असते. म्हणून बाजूला हात लावला की चटका बसतो. तो दोष नाही, उष्णता तिथूनच बाहेर पडते. त्या बाजूला बिस्किटांचे खोके टेकवून रचले की दुकानात 36 अंश असूनही पेटीपुरते 42 होऊ शकतात. वीतभर जागा मोकळी ठेवणं हा बिल कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि लहान दुकानात जागेअभावी तोच आधी मोडतो.

आता झाकण. उभ्या फ्रिजचं दार उघडलं की गार हवा पायांवर सांडते. आडव्या पेटीत ती जड असल्यामुळे विहिरीतल्या पाण्यासारखी खाली बसून राहते. त्यामुळे दहा सेकंदांत कुल्फी काढून झाकण लावलं तर नुकसान फार थोडं. पण झाकण उघडं राहिलं की वरचा तापलेला पत्रा सरळ आतल्या मालावर उष्णता टाकतो आणि शोधाशोध करणारा हात गार हवा ढवळून काढतो. बंद पेटीच्या मानाने चौपट उष्णता आत जाते असं धरू. दिवसाला साठ गिऱ्हाइकं, प्रत्येकी दहा सेकंद, म्हणजे एकूण दहा मिनिटं; त्याचे महिन्याला जेमतेम दीड युनिट. तेच प्रत्येकी एक मिनिट झालं तर पूर्ण तास, आणि नऊ युनिट. कोणता माल कुठे आहे हे दुकानदाराला न बघता माहीत असणं, एवढाच या दोन्हींतला फरक.

कोकणात पावसाळ्यात हा आकडा आणखी वाढतो, कारण तिथली दमट हवा आत जाऊन भिंतींवर बर्फ होते. तो थर नळ्यांची थंडी मालापर्यंत पोचू देत नाही. तो बोटाएवढा जाड व्हायच्या आत माल हलवून, मशीन बंद करून वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये. भिंतीमागची नळी फुटली तर पेटी गेलीच म्हणायची.

आपल्याकडे नेमकं काय होतंय ते युनिट मोजणारा छोटा प्लग-मीटर सांगतो. दुकान बंद केल्यावर पहिला दीड तास सोडून द्या. दिवसभराची उष्णता उपसण्यात तो जातो. मग सकाळी पहिलं झाकण उघडेपर्यंत तासाला किती वीज गेली ते पाहा. रात्रीचाच आकडा मोठा असेल तर दोष कोंडलेल्या हवेचा, बर्फाचा किंवा झाकणाच्या सैल रबराचा. झाकणात नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर गेलं. रात्रीचा कमी आणि दिवसाचा दुपटीच्या आसपास असेल तर झाकण आणि आत टाकलेला कोमट माल.

आणि दोन्ही एकमेकांना वाढवतात. गिऱ्हाईक सगळ्यात जास्त येतं ते दुपारी तीनला, पत्रा सगळ्यात तापलेला असताना. त्या वेळी आत शिरलेली उष्णता उपसायला सगळ्यात महाग पडते. मग एक टप्पा असा येतो की कॉम्प्रेसर थांबतच नाही. 150 वॉटचा कॉम्प्रेसर चोवीस तास चालला तर दिवसाला 3.6, महिन्याला 108 युनिट. त्यापुढे बिल वाढत नाही, माल मऊ पडू लागतो. आइस्क्रीमच्या कपाच्या कडेला पुन्हा गोठलेले बर्फाचे खडे दिसले की समजावं, पेटी दुपारी हरते आणि रात्री भरून काढते.