कनेक्शन बंद केलं, सिबिल घसरेल का?

नुसतं बंद केल्यानं नाही. ओटीटी किंवा प्रीपेडचे पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे त्यात उधारीच नसते. पोस्टपेड मोबाइल आणि महिन्याच्या बिलावर चालणाऱ्या ब्रॉडबँडचं मात्र वेगळं आहे. काही दूरसंचार कंपन्या थकबाकी क्रेडिट ब्युरोला कळवतात.

समजा, कुपवाड एमआयडीसीतल्या कामगारानं खोली बदलताना वायफाय तोंडीच बंद करायला सांगितलं. ४९९ रुपयांचा प्लॅन, १८ टक्के जीएसटी धरून ५८९ रुपयांचं शेवटचं बिल जुन्या पत्त्यावर गेलं. वर राउटर परत न केल्याची रक्कम चढली. पुढे वसुली एजन्सीची नोटीस आली. ती वकिलाच्या लेटरहेडवर असली तरी कोर्टाचा आदेश नव्हे. नोटिशीनं स्कोअर हलत नाही, हलतो तो कंपनीनं थकबाकी नोंदवली तर.

म्हणून आधी रिपोर्ट बघा. प्रत्येक ब्युरो वर्षातून एकदा तो मोफत देतो. नोंद खरी असेल तर पैसे एजन्सीच्या माणसाच्या हातात न देता थेट कंपनीत भरा आणि ‘थकबाकी नाही’ असं पत्र घ्या. चुकीची असेल तर ब्युरोकडे तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर रोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे.