उतार कुठल्या दिशेचा?

कसारा लोकल खर्डी सोडून उंबरमाळीला येते, तेव्हा पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी असते. स्टेशनच्या आसपासची जमीन त्या भिंतीच्या पायथ्याची आहे. ती एका बाजूला डोंगराकडे चढते आणि आडवी चालत गेलं की ओघळांकडे उतरते. अशाच एका माळावर समतल चरांची आखणी करताना जमिनीचा मालक विचारत होता, "दादा, हितं उतार किती हाय?" या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर नसतं. पूर्वेकडे चाललं तर उतार वेगळा आणि उत्तरेकडे वळलं तर वेगळा, त्यामुळे आधी दिशा सांगावी लागते.

गणितात या माळाला दोन चलांचं फल म्हणतात. माळावर ठोकलेल्या खुंटीपासून पूर्वेला किती मीटर गेलो ते x, उत्तरेला किती गेलो ते y, आणि त्या जागेची उंची h(x, y). उतार मोजायचा तर एका वेळी एकच चल हलवायचं. खुंटीवरून पूर्व-पश्चिम दोरी ताणली की y ठरून गेला. आता दोरीच्या रेषेत माळ उभा चिरला आहे असं समजा. रुळांसाठी डोंगर फोडतात तिथे अशी चीर खरोखर पाहायला मिळते, कारण खोदाईच्या वरच्या काठावर जमिनीचा चढउतार एका वक्र रेषेत उमटलेला असतो. आपल्या कल्पनेतल्या चिरेच्या काठालाही तशीच वक्र रेषा मिळते. खुंटीपाशी त्या रेषेला जी स्पर्शिका बसते, तिचा उतार म्हणजे x च्या दिशेचा आंशिक अवकलज, ∂h/∂x. कॉलेजातली मुलं त्यालाच पार्शल डेरिव्हेटिव्ह म्हणतात. दुसरी दोरी उत्तर-दक्षिण ताणली की दुसरी चीर, दुसरी वक्र रेषा आणि ∂h/∂y.

प्रत्यक्षात काम डंपी लेव्हल आणि स्टाफवर चालतं. यंत्राची नजर आडवी असते, म्हणून जागा जितकी उंच तितकं स्टाफवरचं वाचन कमी. खुंटीवर वाचन 2.20 मीटर आलं. पूर्वेला 5 मीटरवर 1.62 आणि पश्चिमेला 5 मीटरवर 2.82. म्हणजे पूर्वेकडे जमीन 58 सेंटिमीटर चढते आणि पश्चिमेकडे 62 सेंटिमीटर उतरते. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, कारण चिरेची रेषा किंचित वाकलेली आहे. खुंटीपाशी स्पर्शिकेचा उतार हवा असेल तर दोन्ही टोकांमधला फरक घ्यायचा: 1.20 मीटर भागिले 10 मीटर, म्हणजे 0.12. उत्तरेला वाचन 2.66 आणि दक्षिणेला 1.76 आलं. उत्तरेकडे जमीन उतरते, म्हणून दुसरा उतार वजा: −0.09.

पुस्तकात अंतर शून्याकडे न्यायला सांगतात. माळावर तसं करता येत नाही. गवताचे ठोंब, दगड, गुरांच्या पायांचे खड्डे यांनी स्टाफ सहज दोनेक सेंटिमीटर वरखाली होतो. एक मीटरवर मोजलं तर एवढ्यानेच उतारात 0.02 ची चूक येते, पाच मीटरवर तीच 0.004 राहते. फार लांब गेलं तर चिरेचा वाक आड येतो. म्हणून जमीन पाहून अंतर ठरवावं लागतं, आणि या माळाला पाच मीटर बरे बसले.

या दोन आकड्यांच्या पोटात बाकीच्या सगळ्या दिशा आहेत. खुंटीपाशी जमीन गुळगुळीत असेल, तर दोन्ही स्पर्शिका मिळून एक कललेलं प्रतल ठरतं, आणि जवळच्या जवळ माळ त्या प्रतलासारखाच वागतो. पूर्वेला a मीटर आणि उत्तरेला b मीटर गेलं तर उंचीत बदल 0.12a − 0.09b इतका. चर समतल हवा, म्हणजे हा बदल शून्य हवा. पूर्वेला 3 आणि उत्तरेला 4 मीटर घेतले की 0.36 मधून 0.36 वजा होतात. चराची दिशा तीच. त्या जागी स्टाफ उभा केला तेव्हा वाचन 2.21 आलं, खुंटीपेक्षा एकच सेंटिमीटर जास्त. तोच चर सोयीचा म्हणून सरळ पूर्व-पश्चिम खणला असता तर दहा मीटरांत टोकं 1.2 मीटर वरखाली झाली असती. पाणी अडण्याऐवजी खालच्या टोकाला धावलं असतं आणि तिथेच बांध फुटला असता.

सगळ्यात तीव्र चढ या रेषेला काटकोनात, पूर्वेला 4 आणि दक्षिणेला 3 या दिशेने आहे. तिथे उतार 0.15, म्हणजे दोन्ही मोजलेल्या उतारांपेक्षा जास्त. आंशिक अवकलज फक्त दोन ठरवलेल्या चिरांचे उतार सांगतात. सर्वांत मोठा चढ त्यांतच असतो असं नाही.

पुढे कसारा घाटात हेच गणित रुळांच्या रूपात दिसतं. 1865 साली सुरू झालेल्या त्या मार्गाचा चढ 1:37 आहे, म्हणजे साधारण 0.027. आपल्या माळावर एवढाच चढ हवा असेल तर समतल रेषेपासून जेमतेम दहा अंश वळायचं. डोंगर कितीही उभा असला तरी त्याच्या अंगावरून कमी चढाची वाट काढता येते. मात्र ती लांब पडते.

या हिशेबाला मर्यादा आहेत, आणि त्या याच शिवारात दिसतात. भाताच्या खाचरात खुंटी ठोकली तर दोन्ही उतार शून्य येतात, कारण खाचर सपाट केलेलं असतं. खाचरांची अख्खी रांग मात्र ओढ्याकडे उतरत गेलेली असते. अवकलज फक्त त्या जागेपुरतं बोलतो. बांधाच्या कडेवर खुंटी आली तर एका बाजूचा उतार जवळजवळ शून्य आणि दुसऱ्या बाजूला एकदम तुटलेली पायरी. तिथे सरासरी काढली तर आकडा मिळतो, पण तो कुठल्याच बाजूच्या जमिनीचा नसतो. दोन बाजूंची वाचनं वेगवेगळी तपासली की हा दोष लगेच कळतो.

तिरपा ओघळ त्याहून फसवा. तो दोन्ही दोऱ्यांच्या मधून, कोपऱ्यातून जातो, त्यामुळे चारही वाचनं व्यवस्थित येतात. दुसऱ्या एका खुंटीपाशी असंच झालं. हिशेबाने ठरलेल्या समतल दिशेला पाच मीटरवर स्टाफ धरला, तर जमीन हिशेबापेक्षा चाळीस सेंटिमीटर खाली निघाली. दोन्ही चिरांचे उतार बरोबर होते. मधली जमीनच त्या प्रतलासारखी नव्हती. दोन्ही आंशिक अवकलज असणं आणि पृष्ठभागाला खरोखर स्पर्शप्रतल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चर फुटतो तो बहुधा या दोहोंमधल्या फरकात.

म्हणून चर आखणाऱ्यांनी चार वाचनांवर थांबू नये. पाचवं वाचन तिरप्या दिशेला घ्यावं. ते हिशेबाशी जुळलं तर खणायला हरकत नाही. जुळलं नाही तर हिशेब बाजूला ठेवून खुंट्या जवळ आणाव्यात आणि पुन्हा मोजावं.