काळं कुठे, पांढरं कुठे

फोटोचं पोस्टरसारखं काळं-पांढरं चित्र करायला संगणकात एक बटण असतं. मग त्यात कलाकाराचं काम काय? एका कला मंडळातल्या व्याख्यानात एका मुलीनं हे विचारलं, तेव्हा मंडळाच्या प्रमुखांनी पडद्यावर एक फोटो लावला. भर दुपारी चुन्याच्या भिंतीपुढे बसलेले, पांढरा फेटा बांधलेले आजोबा.

सरांनी ‘थ्रेशोल्ड’ चालवलं. फोटोतल्या प्रत्येक बिंदूचा उजेड 0 ते 255 असा मोजलेला असतो. आपण एक आकडा ठरवायचा. त्याहून उजळ ते पांढरं, गडद ते काळं. संगणक आपणहून 128 धरतो. त्यावर आजोबांचा सावळा चेहरा सपाट काळा झाला आणि फेटा भिंतीत विरून गेला.

90 वर गाल उजळले, सुरकुत्या दिसल्या, पण फेट्याच्या सावलीतले डोळे खड्ड्यांसारखेच राहिले. 40 वर डोळे उघडले, मात्र तोवर नाकाची कड आणि सुरकुत्या पुसल्या गेल्या होत्या. म्हणून सरांनी डोळ्यांपुरता 40 ठेवला, बाकी चेहऱ्याला 90, आणि दोन्हींचा सांधा हातानं बुजवला. गालावर बारीक ठिपके उठले होते. ते घालवायला मूळ फोटो आधी किंचित धूसर करावा लागतो. जास्त केला तर ठिपक्यांबरोबर सुरकुत्याही जातात.

खरा पेच फेट्याचा होता. भिंत फेट्याहून जराशी मळकी, त्यामुळे 220 वर भिंत काळी होऊन फेटा लख्ख उठून आला. पण ऊन गेलं. “आता आजोबा रात्री बसलेत,” सर म्हणाले. त्यांनी भिंत पांढरीच ठेवली, कड आखली नाही, फक्त फेट्याच्या घड्यांतल्या काही सावल्या राहू दिल्या. न काढलेली कड आपला डोळा भरून काढतो. मला तरी सगळ्या व्याख्यानात हाच निर्णय सर्वांत धाडसी वाटला, कारण तो कुठल्याच आकड्यातून निघत नाही.

मग त्यांनी चे गव्हेराचं जगभर पोचलेलं पोस्टर दाखवलं. अल्बेर्तो कोर्दानं 5 मार्च 1960 रोजी हवानात काढलेल्या फोटोत एका बाजूला दुसरा माणूस आणि दुसऱ्या बाजूला ताडाची पानं होती. चेहरा उठावा म्हणून ती कापली गेली. 1968 मध्ये आयरिश चित्रकार जिम फिट्झपॅट्रिकनं त्यावरून पोस्टर केलं, तेव्हा नजर आणखी थोडी वर नेली आणि टोपीवरचा तारा हातानं पिवळा रंगवला. संगणक नव्हताच, सावल्यांचे आकारही त्यालाच निवडावे लागले.

शेवटी सरांनी आजोबांचं चित्र अंगठ्याएवढं करून पाहिलं. डोळे टिकले, पण फेटा टक्कल वाटू लागला. त्यांनी कपाळावरची एक घडी जाड केली.