डायरीतले सोळा, टाकीतले पावणेचौदा

माझ्या मेहुण्याच्या गाडीत, डॅशबोर्डच्या कप्प्यात, एक छोटी डायरी असते. पेट्रोल भरलं की तो त्यात तीन आकडे लिहितो: मागच्या वेळेपासून गाडी किती किलोमीटर चालली, किती लिटर पेट्रोल गेलं आणि दोन्हींचा भागाकार. परवा त्याने डायरी माझ्यासमोर धरली. "दाजी, पाच वेळा टाकी फुल केली. पाचही आकड्यांची बेरीज केली, पाचाने भागलं. सोळाचं अ‍ॅव्हरेज. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये!"

डायरीतल्या नोंदी अशा होत्या:

पहिली: ३८४ किमी, ३२ लिटर, म्हणजे लिटरला १२
दुसरी: ३९० किमी, ३० लिटर, म्हणजे १३
तिसरी: १०५ किमी, ५ लिटर, म्हणजे २१
चौथी: २२० किमी, १० लिटर, म्हणजे २२
पाचवी: ३३६ किमी, २८ लिटर, म्हणजे १२

बारा, तेरा, एकवीस, बावीस आणि बारा मिळून ८० होतात. पाचाने भागले की १६. बेरीज चोख, भागाकारही चोख. तरीही त्याची गाडी सोळा देत नव्हती.

मी त्याला तिसरा रकाना हाताने झाकायला सांगितला आणि उरलेल्या दोन रकान्यांची बेरीज केली. गाडी एकूण १,४३५ किलोमीटर चालली होती आणि एकूण १०५ लिटर पेट्रोल प्यायली होती. १,४३५ भागिले १०५ म्हणजे १३.६७. पावणेचौदासुद्धा पुरते नाहीत.

गोंधळाचं मूळ आपल्या बोलण्यातही आहे. लिटरमागे किलोमीटर या आकड्याला आपण सरळ 'अ‍ॅव्हरेज' म्हणतो. मग पाच अ‍ॅव्हरेजांचं अ‍ॅव्हरेज काढलं तर काय बिघडलं, असं वाटणं साहजिक आहे. बिघडतं ते असं, की पाचाने भागताना आपण पाचही नोंदींना सारखा मान देतो. इथे बाराचा आकडा ३२ लिटर जाळून आला आहे आणि एकविसाचा फक्त ५ लिटरवर. दुसऱ्या नोंदीनंतर गाडी साताऱ्याला लग्नाला गेली, तिथे पोचल्यावर पाच लिटरमध्ये टाकी पुन्हा फुल झाली आणि परत येईपर्यंत आणखी दहा लिटर गेले. महामार्गावरचे हे पंधरा लिटर शहरातल्या नव्वद लिटरांच्या शेजारी बसून जवळजवळ बरोबरीचं मत देत होते.

क्रिकेटमध्ये ही चूक आपण कधी करत नाही. एखाद्या फलंदाजाने एका डावात २ चेंडूंत ६ धावा केल्या, तर स्ट्राइक रेट ३००. दुसऱ्या डावात ८० चेंडूंत ४०, म्हणजे ५०. म्हणून दोन डावांचा मिळून त्याचा स्ट्राइक रेट १७५ आहे असं कोणी म्हणालं तर कट्ट्यावरची पोरं हसतील. ८२ चेंडूंत ४६ धावा, म्हणजे ५६, एवढंच खरं. गाडीच्या हिशेबात चेंडूंच्या जागी लिटर येतात.

प्रत्येक वेळी मोजून तेवढेच लिटर भरले, तर साधी सरासरी बरोबर येते. किलोमीटर सारखे असले तर मात्र येत नाही. तीस किलोमीटरचा घाट चढताना गाडीने लिटरला १० दिले आणि तोच उतरताना ३०, तर मन म्हणतं सरासरी २०. पण चढताना तीन लिटर गेले, उतरताना एक. साठ किलोमीटरला चार लिटर, म्हणजे १५. कमी अ‍ॅव्हरेजचा रस्ता जास्त पेट्रोल पितो, म्हणून अशा हिशेबात साधी सरासरी गाडीला नेहमी खऱ्यापेक्षा चांगलीच दाखवते.

दुसरी अडचण पंपावरची आहे. 'टाकी फुल' म्हणजे नेमकी किती, हे दर वेळी बदलतं. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल किंवा त्याचा फेस तिथवर चढला की नोझल आपोआप तुटतं. गाडी थोडी कलती उभी असेल, धार जोरात असेल, फेस जास्त आला असेल, तर ते आधीच तुटतं. पुढच्या पंपावरचा पोरगा आकडा गोल करायला वर आणखी थोडं ओततो. लिटरभराचा फरक सहज पडतो. साताऱ्याच्या त्या पाच लिटरांत एक लिटर कमी बसलं असेल, तर खरा आकडा २१ नव्हे, साडेसतरा होता.

एकूण बेरजेत ही चूक जिरते. समजा, गाडी खरोखर १५ देते आणि दोनदा ३०० किलोमीटर चालते. दर वेळी २० लिटर जळतात. पहिल्यांदा टाकी दोन लिटर कमी भरली, तर १८ लिटरची नोंद होते आणि १६.६७ चा आकडा येतो. ते राहिलेले दोन लिटर पुढच्या वेळी टाकीत जातात, २२ ची नोंद होते, आकडा १३.६४. दोन्हींची सरासरी १५.१५ येते, ६०० भागिले ४० मात्र बरोबर १५. मधल्या सगळ्या कमीजास्तीची अशी फिटंफाट होते. महत्त्व उरतं ते फक्त पहिल्या आणि शेवटच्या फुल टाकीला. १०५ लिटरांत एका लिटरची चूक एका टक्क्याच्या आत राहते. पाच लिटरांत तीच वीस टक्के होते.

म्हणून पद्धत साधी आहे. एकदा टाकी फुल करा आणि ओडोमीटरचा आकडा लिहा. त्या वेळी भरलेले लिटर हिशेबात धरायचे नाहीत, कारण ते आधीच्या प्रवासाचे. इथेच पुष्कळ जण फसतात आणि गाडीला उगाच बोल लावतात. त्यानंतर पाचशेचं भरा, हजाराचं भरा, दर वेळी फुल केलीच पाहिजे असं नाही. पण पावतीवरचे लिटर एकही न गाळता लिहा. हजारेक किलोमीटर झाले की, शक्यतो त्याच पंपावर, टाकी पुन्हा फुल करा. तेही लिटर धरून सगळ्यांची बेरीज करा आणि तिने एकूण किलोमीटरना भागा.

वेगवेगळे आकडे टाकाऊ नाहीत. रोजचा रस्ता तोच असताना बाराचे सलग दोनतीन वेळा दहा झाले, तर चाकांतली हवा बघावी, ब्रेक घासतोय का ते दाखवून घ्यावं. गाडी घेतल्यापासूनच्या एकत्रित हिशेबात असा नवा बिघाड बुडून जातो. म्हणून बेरीज शेवटच्या चारपाच टाक्यांचीच ठेवलेली बरी. फक्त त्या सुट्या आकड्यांची सरासरी काढू नये.

मेहुण्याने मग पैशांचा हिशेब मांडला. महिन्याला हजार किलोमीटर. सोळाच्या हिशेबाने साडेबासष्ट लिटर लागायला हवेत, खरे लागतात त्र्याहत्तर. सोयीसाठी लिटरला शंभर रुपये धरले तरी हजारावर रुपये दर महिन्याला कुठे जातात, ते त्याला कळलं. डायरीचा तिसरा रकाना त्याने खोडला. लग्नाकार्यात कोणी विचारलं तर मात्र अजून सोळाच सांगतो.