मुकादमासाठी दहा मिनिटं

उन्हाळ्यात रेडिओवर उष्माघाताविषयी भाषण लागतं, ते बहुतेक वेळा घरात बसलेल्या माणसासाठी लिहिलेलं असतं. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, सैल सुती कपडे घाला, भरपूर पाणी प्या. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात स्लॅबवर घमेली वाहणाऱ्या बिगाऱ्याला यातलं पहिलंच वाक्य लागू पडत नाही. काम किती वाजता सुरू करायचं, सुट्टी कधी घ्यायची, पाण्याचा रांजण कुठे ठेवायचा, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. ते मुकादम ठरवतो. म्हणून उघड्यावर राबणाऱ्यांसाठी रेडिओवरच्या भाषणाची संहिता लिहायची असेल, तर ती मुकादमाशी बोलणारी हवी, असं माझं ठाम मत आहे. मजूर ती ऐकतीलच, आणि आपल्याला काय मागता येतं हेही त्यांना कळेल.

ते भाषण संध्याकाळी लागावं. हवामान खात्याचा दुसऱ्या दिवसाचा इशारा तोवर आलेला असतो आणि मुकादमाला उद्याची वेळ बदलायला रात्र हाताशी असते. सकाळी अकराला सांगून उपयोग नाही, तेव्हा मिक्सर सुरू झालेला असतो. आणि असं भाषण मे महिन्याची वाट न बघता मार्चमध्येच ऐकवायला हवं. कारण सुरुवातीचं ऊनच जास्त घात करतं.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. काम करताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन शरीरातच उरतो. सावलीत बसलेला माणूस आणि खांद्यावर सिमेंटची गोणी घेतलेला माणूस एकाच हवेत असले, तरी दुसऱ्याच्या अंगात आतूनही चूल पेटलेली असते. ती उष्णता रक्त कातडीपर्यंत आणतं आणि घाम सुकताना ती बाहेर जाते. पण ही व्यवस्था रोज उन्हात राबूनच तयार होते. आठवडा ते दोन आठवडे थोडं थोडं काम वाढवत नेलं, की शरीरातलं रक्ताचं पाणी वाढतं, घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातून मीठ कमी जातं आणि हृदयाचे ठोके फार वाढत नाहीत. ही तयारी नसलेला माणूस कितीही धडधाकट असो, पहिल्या दिवसांत तोच कोसळतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने अशा मृत्यूंचा हिशेब मांडला, तेव्हा उघड्यावरच्या कामातले निम्म्याहून अधिक मृत्यू उन्हातल्या कामाच्या पहिल्या काही दिवसांतच झालेले दिसले.

म्हणून संहितेतलं पहिलं सांगणं असं असावं : “मुकादम भाऊ, टोळीत नवा आलेला पोरगा कोण आहे ते आधी बघा. पहिल्या दिवशी त्याला उन्हातलं जड काम पाचवा हिस्साच द्या, बाकी वेळ सावलीतलं काम. रोज तेवढंच वाढवा, पाचव्या दिवशी तो सगळ्यांच्या बरोबरीने येईल.” जुना गडी लग्नकार्यासाठी किंवा आजारपणात आठ-दहा दिवस गावी जाऊन आला असेल, तर त्याचीही तयारी उतरलेली असते. त्याला निम्म्या कामापासून सुरुवात करून तीन-चार दिवसांत पूर्ववत आणावं. जुलाब किंवा ताप नुकताच गेलेला, आदल्या रात्री दारू प्यालेला, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारा, हे सगळे त्या दिवसापुरते नव्यासारखेच धरायचे.

इथे अडचण पैशांची आहे. काम उक्तं असेल, तर कमी काम म्हणजे कमी मजुरी. मग पोरगा स्वतःच म्हणतो, मला काही होत नाही. ही गाठ भाषणाने सुटणार नाही, पण ती आहे हे भाषणात म्हणायला हवं. पहिल्या पाच दिवसांपुरती नव्याला रोजाने मजुरी द्यावी, उक्त्यात धरू नये, एवढी ठोस सूचना ठेकेदारापर्यंत जायला हवी.

आकड्यांबद्दलही एक गैरसमज आहे. बातम्यांत सांगतात ते तापमान हवेशीर पेटीत, सावलीत मोजलेलं असतं. तापलेल्या सळयांमध्ये उभ्या असलेल्या माणसाला वरून ऊन आणि खालून झळ बसते, त्याचा त्या आकड्यात हिशेब नसतो. दमटपणाही त्यात नसतो. नवी मुंबईत खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी उघड्या मैदानातल्या समारंभानंतर 14 माणसं गेली. पारा विदर्भासारखा पंचेचाळिशीत नव्हता, आणि ती माणसं ओझी वाहत नव्हती, नुसती तासन्‌तास बसलेली होती. दमट हवेत घाम येतो, पण सुकत नाही, आणि नुसत्या ओघळणाऱ्या घामाने अंग थंड होत नाही. त्यामुळे कोकणातल्या मुकादमाने 37-38 अंश ऐकून निश्चिंत राहू नये.

आता स्लॅबचा दिवस घेऊ. स्लॅब एकदा सुरू केला की मध्ये थांबवता येत नाही, म्हणून त्या दिवशी विश्रांती सगळ्यात आधी मारली जाते. उपाय सुरू करण्याच्या वेळेत आहे. पहाटे चारला दिव्यांच्या उजेडात मिक्सर सुरू केला, तर मध्यम स्लॅब दहा-अकरापर्यंत आवरतो. मोठा असेल तर दोन टोळ्या लावून आलटून पालटून सावलीत बसवाव्या लागतात. इंजिनिअरला हे पटवणं फारसं अवघड जाऊ नये, कारण काँक्रीटलाही हे ऊन सोसत नाही. भारतीय मानकांत 40 अंशांवरच्या हवेतलं काँक्रीटकाम वेगळं धरलं आहे आणि त्यासाठी वेगळी काळजी सांगितली आहे. माल लवकर आवळतो, भेगा पडतात. सावली म्हणजे पत्र्याची शेड नव्हे. तापलेला पत्रा डोक्यावर झळ सोडत राहतो. झाडाखाली किंवा दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशा उंच बांधलेल्या हिरव्या जाळीखाली दर तासाला निदान दहा मिनिटं बसवावं, दुपार चढेल तशी ही वेळ वाढवावी.

पाण्याबद्दल “भरपूर” हा शब्द रेडिओवर वापरूच नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, तहान लागो न लागो, असं सांगावं. तहानेवर सोडलं तर माणूस कमीच पितो, आणि जेवणाच्या सुट्टीत एकदम दोन तांबे ढोसल्याने मागचं भरून निघत नाही. उलट टोकही आहे : तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी रिचवत राहिलं, तर रक्तातलं मीठ पातळ होऊन तेही जिवावर बेततं. दोन वेळ नीट जेवणाऱ्याला मीठ बहुतेक जेवणातूनच मिळतं. दिवसभर घाम गाळायचा असेल, तर मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं उत्तम. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, पेल्यात थोडं थोडं टाकायचं नाही. खिशात कांदा ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर पाण्याचा पेला चुकवू नये.

रांजण खाली गेटपाशी आणि काम तिसऱ्या मजल्यावर, असं असेल तर कोणी पाणी पिणार नाही. तो मजल्यावर हवा. आणि बाया मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण आडोसा नसतो. सकाळी सातला आलेली बाई संध्याकाळपर्यंत लघवी धरून राहते. हे वाक्य भाषणात स्पष्ट उच्चारलं पाहिजे. बांधकाम मजुरांसाठीच्या 1996 च्या कायद्याने पिण्याचं पाणी, मुताऱ्या आणि संडास या तिन्हींची जबाबदारी मालकावर टाकली होती. उष्माघाताच्या दृष्टीने त्या एकाच गोष्टीच्या बाजू आहेत.

एवढं करूनही समजा, दुपारी दीडच्या सुमारास तिसऱ्या दिवशीचा तो नवा पोरगा घमेलं तिरकं धरू लागला. त्याचा तोल जातोय, हाक मारली की चिडून काहीतरी भलतंच बोलतोय. पेटके, डोकेदुखी, मळमळ हे आधीचे इशारे. पण वागणं बदललं की धोक्याची रेषा ओलांडली. मुकादमाने त्याला गावाचं नाव, आज वार कोणता, असं विचारावं. उत्तर अडखळलं, तर हा उष्माघात धरून चालायचं. अंग कोरडं पडलेलं नाही, घाम येतोय, म्हणून काही नाही असं समजू नये. काम करता करता होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंडं शब्दशः भाजत असतात. किती तापलं यापेक्षा किती वेळ तापलेलं राहिलं, यावर जगणं ठरतं. हाताशी अर्धा तास असतो.

म्हणून एकाने 108 ला फोन लावायचा आणि बाकीच्यांनी गाडीची वाट न बघता थंड करायला घ्यायचं. साइटवर ताडपत्री असतेच. ती सावलीत पसरून पोराला तिच्यावर निजवायचं, जादा कपडे काढायचे. चौघा-पाच जणांनी कडा उचलून तिची खोळ करायची, त्यात पाणी ओतायचं, जवळच्या पानटपरीवरून किंवा रसवंतीवरून मिळेल तेवढा बर्फ टाकायचा आणि कडा हलवत पाणी त्याच्या अंगावर खेळतं ठेवायचं. तोंड आणि नाक पाण्याबाहेर राहील, याकडे एकाने लक्ष द्यायचं. बर्फ नसेल, तर क्युरिंगचा पाइप अंगावर सोडायचा, मात्र उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं कढत पाणी आधी वाहून जाऊ द्यायचं. पाणी कमी असेल, तर ओलं करून पुठ्ठ्याने, दुपट्ट्याने जोरात वारा घालायचा; विदर्भाच्या कोरड्या हवेत हेही चांगलं काम करतं. पॅरासिटामॉल देऊ नये, या तापावर ते चालत नाही आणि यकृताला आणखी इजा होऊ शकते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. उलटी झाली तर कुशीवर वळवावं. तो कुडकुडायला लागला किंवा नीट बोलू लागला, की पाण्यातून बाहेर काढावं, पण दवाखान्यात न्यायचंच.

कारण पोरगा उठून बसला, चहा प्यायला, म्हणजे संपलं असं नसतं. यकृत आणि मूत्रपिंडाला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्ततपासणीत दिसते, लघवी चहासारखी गडद होऊ लागते. निदान आठवडाभर त्याला काम नाही, आणि पुढे डॉक्टरने सांगितल्यावरच, पुन्हा पाचव्या हिश्शापासून. कित्येक आठवडे त्याचं शरीर ऊन पूर्वीइतकं सोसत नाही. मुकादमाने त्याचं नाव टोळीतून न काढता, त्याला सावलीतलं स्टोअरचं काम द्यावं. नाहीतर तो दुसऱ्या साइटवर जाईल, आणि तिथल्या मुकादमाला आधीचं काहीच माहीत नसेल.