मुक्काम एकाच गावी की रोज नवा?

वेरूळ, अजिंठा, दौलताबाद आणि लोणार एकाच सहलीत करायचं ठरलं की घरात पहिला वाद होतो तो मुक्कामाचा. एकजण म्हणतो, छत्रपती संभाजीनगरला एकच खोली घेऊ आणि तिथूनच सगळीकडे जाऊन येऊ. दुसऱ्याला रोज शंभर-दीडशे किलोमीटर तोच रस्ता परत कापायचा नसतो. हा वाद नकाशावर सुटत नाही, घड्याळावर सुटतो.

आधी मुक्काम हलवण्याची किंमत बघू. सकाळी बॅगा भरायच्या, दुपारी बाराच्या आत खोली सोडायची, नव्या गावात खोली ताब्यात यायला एक-दोन वाजायचे. मधल्या वेळात सामान गाडीत पडून असतं आणि लक्ष त्याच्याकडे. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील, तर यात अर्धा दिवस सहज जातो. म्हणजे खोली बदलून वाचणारा प्रवास निदान तीन-चार तासांचा तरी हवा, नाहीतर सौदा तोट्याचा.

वेरूळला हा प्रश्नच नाही. लेणी शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहेत, वाटेत दौलताबादचा किल्ला आणि खुलताबाद लागतं. सकाळी ऊन चढायच्या आत किल्ला चढावा आणि कैलास लेणं दुपारनंतर बघावं. त्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे उतरतं ऊन दर्शनी भागावर येतं. संध्याकाळी शहरात परतून नान-खलिया खायला वेळ उरतो.

अजिंठ्याला खरी परीक्षा होते. अंतर शंभरएक किलोमीटर, म्हणजे जायला अडीच तास आणि यायला अडीच. ऐकूनच वाटतं की लेण्यांजवळ फर्दापूरला राहावं. पण लेणी उघडतात नऊ वाजता. साडेसहाला शहरातून निघालेला माणूस आणि फर्दापुरात निवांत चहा घेऊन आलेला माणूस एकाच वेळी दारात उभे राहणार. त्यात गाड्या पायथ्याच्या फाट्यावर थांबवून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं. ते कुणालाच चुकत नाही. पुण्याच्या माणसाला शेवटी संभाजीनगरवरूनच घरी जायचं असतं. त्याने फर्दापुरात राहून परतीचा रस्ता टळत नाही, फक्त दुसऱ्या दिवसावर ढकलला जातो.

मुंबईकराचं गणित मात्र वेगळं आहे. अजिंठ्याहून जळगाव साठेक किलोमीटरवर आणि तिथून मुंबईला भरपूर रेल्वेगाड्या. त्याने शेवटच्या दिवशी खोली सोडून सामानासह अजिंठा गाठावं आणि तसंच पुढे जळगावला जावं. मागे फिरण्याचे अडीच तास सरळ वाचतात. खासगी गाडी असेल तर सामान डिकीत राहील. एसटीने जाणाऱ्याने ते कुठे ठेवायचं याची चौकशी आधीच करावी, कारण बॅग खांद्यावर घेऊन लेणी बघणं ही शिक्षा आहे.

एका ठिकाणी राहण्याचा एक फायदा हिशेबात धरायला लोक विसरतात. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. मुक्काम एकच असेल तर दिवसांची अदलाबदल करता येते. पाऊस आला किंवा कुणाचं पोट बिघडलं तरीही. गावोगावची आरक्षणं केलेल्याला ही मोकळीक नसते.

आता लोणार. संभाजीनगरहून साधारण दीडशे किलोमीटर, जायला तीन-साडेतीन तास. समृद्धी महामार्गाने मेहकरकडे गेलं तर वेळ कमी होतो, पण दुचाकीला तिथे प्रवेश नाही. तासांवरून पाहिलं तर लोणारही एका दिवसात होईल. तरी माझं मत इथे राहण्याकडे झुकतं, कारण लोणारला अजिंठ्यासारखी नवाची अट नाही. काठावरून सरोवर बघायची खरी वेळ भल्या सकाळची. विवराचा व्यास दोन किलोमीटरला थोडा कमी. खाली उतरून देवळं बघून वर यायला काही तास लागतात आणि परतीची चढण उन्हात छाती भरून आणते. पहाटे संभाजीनगरहून निघालेला माणूस नेमका ऊन तापताना उतरायला लागतो.

म्हणून आदल्या दिवशी जेवून निघावं, वाटेत सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान बघावं आणि संध्याकाळी लोणार गावातलं दैत्यसूदन मंदिर. दुसऱ्या दिवशी उजाडताच विवर. पुढे नागपूरला किंवा शेगावला जायचं असेल तर सगळं सामान सोबत न्यावं. संभाजीनगरलाच परतायचं असेल, तर एका रात्रीसाठी तिथली खोली रिकामी ठेवून पैसे भरू नयेत. खोली सोडावी, मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवर ठेवू देतात का ते बुकिंग करतानाच विचारावं आणि एका जोडी कपड्यांची पिशवी घेऊन निघावं. परतीच्या रात्रीची खोली तेव्हाच सांगून ठेवावी. शनिवार-रविवार आणि दिवाळीच्या सुट्टीत ती आयत्या वेळी मिळेलच असं नाही.